पेशीचा 'आकार' लहान की 'आकारमान'?

'नववीतल्या मुलीला शिकवताना अडखळले. पेशीचा आकार लहान असतो म्हणायचं की आकारमान? दोन्ही एकच ना? आणि पृष्ठफळ-घनफळ गुणोत्तर कमी होतं म्हणजे नेमकं काय होतं?'

रोजच्या बोलण्यात 'लहान आकाराची वाटी' चालते. पेशीबद्दल बोलताना मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवायलाच हवेत. आकार म्हणजे घडण: गोल, चपटी, लांबट. आकारमान म्हणजे किती जागा व्यापली ते, म्हणजेच घनफळ. लहान असतं ते आकारमान.

कारण हिशेबातच दिसतं. पेशी घनाकृती आहे असं धरू. बाजू १० मायक्रोमीटर असेल, तर पृष्ठफळ ६०० चौरस आणि घनफळ १००० घन मायक्रोमीटर. एका घन मायक्रोमीटरमागे ०.६ चौरस मायक्रोमीटर पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं पातळ आवरण. बाजू २० केली की पृष्ठफळ २४०० होतं, घनफळ ८०००. वाट्याला येतं ०.३. बाजू ४० केली तर ९६०० आणि ६४,०००, म्हणजे ०.१५. ऑक्सिजन आत येतो आणि टाकाऊ पदार्थ बाहेर जातात ते पटलातून, आणि गरज ठरते आतल्या द्रव्यावर. बाजू दुप्पट झाली की खाणारी तोंडं आठपट होतात, दारं मात्र चौपटच. शिवाय मध्यभाग पटलापासून लांब पडतो. अंतर दुप्पट झालं की विसरणाला, म्हणजे पदार्थ आपोआप पसरत तिथवर पोचायला, वेळ चौपट लागतो.

आता आकाराचं काम पाहा. २० बाजूच्या घनाचंच ८००० घनफळ ८० × १० × १० अशा कांडीत ओतलं, तर पृष्ठफळ ३४०० होतं. आकारमान तेच, आकार बदलला आणि ०.३ चं ०.४२५ झालं. आपली तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असते. तिचं घनफळ सुमारे ९० घन मायक्रोमीटर आणि पृष्ठफळ १४० च्या आसपास. तेवढ्याच घनफळाच्या गोळ्याला जेमतेम ९७ मिळालं असतं. दोन्ही शब्द एकच मानले, तर ही गोष्ट मुलीला सांगताच येणार नाही.

'गुणोत्तर' हा शब्द मला इथे थोडा खटकतो. गणितात आपण शिकवतो की गुणोत्तर एकाच प्रकारच्या राशींचं असतं आणि त्याला एकक नसतं. इथे चौरसाला घनाने भागलं आहे, त्यामुळे एकक उरतं. १० मायक्रोमीटरची तीच पेशी मिलिमीटरमध्ये मोजली, तर ०.६ ऐवजी ६०० येतं. पाठ्यपुस्तकातला शब्द रुळलेला आहे, परीक्षेत तोच लिहावा. समजावताना मात्र मी 'घनफळामागे पृष्ठफळ' म्हणेन. 'माणशी दोन पोळ्या' म्हणताना जो 'मागे' मनात असतो, तोच इथे आहे.