सहा महिने मेल न उघडणाऱ्या वाचकांना काय लिहावं?

प्रश्न: गच्चीवरच्या बागेबद्दल दर रविवारी मेल पाठवतो. बरेच जण सहा महिन्यांपासून उघडत नाहीत. ‘तुमची खूप आठवण येते, परत या!’ हा मजकूर कसा बदलू?

उत्तर: आठवणीचं वाक्य काढा, मेल उघडले जात नाहीत हे पहिल्याच ओळीत साधेपणाने सांगा आणि खाली दोनच लिंक ठेवा. मी अशा याद्या सांभाळतो. ‘आठवण येते’ वाचून माणसाला उगाच अपराधी वाटतं, आणि जाण्याची वाट सापडली नाही की तो ‘स्पॅम’ दाबतो. त्याने तुमचे मेल इतरांकडेही स्पॅममध्ये जाऊ लागतात. विषयात ‘रविवारचा बागेचा मेल चालू ठेवू का?’ एवढंच लिहा. आत असं:

‘नमस्कार, गेले सहा महिने आमचे मेल तुम्ही उघडलेले दिसत नाहीत. वेळ नसेल किंवा बाग आता नसेल, दोन्ही चालेल. मेल हवा असेल तर “चालू ठेवा” दाबा, नको असेल तर “बंद करा”. काहीच दाबलं नाही, तर १४ दिवसांनी आम्हीच नाव काढू.’

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती लिहिलीत तर खरंच पाळा. ‘बंद करा’साठी लॉगिन किंवा कारण विचारू नका.

मात्र ‘उघडला नाही’ ही नोंद पक्की नसते. मेलमधली चित्रं बंद ठेवणाऱ्याचं वाचन मोजलंच जात नाही. म्हणून या काळात ज्यांनी एखादी लिंक दाबली किंवा उत्तर पाठवलं, त्यांना हा मेल पाठवायच्या यादीतून आधी वगळा.