अजाईलचं सर्टिफिकेट: 78 हजारांचं की 19 हजारांचं?

प्रश्न: मी डिचोलीची, वय 28. वेर्ण्याच्या एका आयटी कंपनीत पाच वर्षं टेस्टर आहे. हातात 46 हजार येतात, आईवडिलांकडेच राहते, महिन्याला दहाएक हजार मागे पडतात आणि 1 लाख 10 हजारांची एफडी आहे. अजाईल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत, काम करणाऱ्या टीमची स्क्रम मास्टर व्हायचंय. एक संस्था त्याची दोन सर्टिफिकेटं, सीएसएम आणि त्यापुढचं ए-सीएसएम, मिळून 78 हजारांत देते, 12 हप्त्यांत. वीस जाहिराती पाहिल्या, चौदांमध्ये सर्टिफिकेट मागितलंय. यादी सोबत जोडतेय. कंपन्या खरंच याला किंमत देतात का? आणि बेसिक करू की थेट अ‍ॅडव्हान्स?

उत्तर: यादी जोडलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर तिच्यातच आहे. चौदा जाहिरातींपैकी अकरांमध्ये ‘असल्यास प्राधान्य’ असं लिहिलंय. सर्टिफिकेट सक्तीचं फक्त तीन ठिकाणी आहे, आणि त्या तिन्ही ठिकाणी स्क्रम मास्टर म्हणून किमान तीन वर्षांचा अनुभवही मागितलाय. बहुतेक जाहिरातींत ‘सीएसएम किंवा पीएसएम’ असं एका दमात लिहिलंय. पीएसएम हे दुसऱ्या संस्थेचं तसंच सर्टिफिकेट. ए-सीएसएमचं नाव एकाही जाहिरातीत नाही.

कंपन्या किंमत देतात, पण चाळणीपुरती. एचआरकडे ढीगभर बायोडेटा येतात, तेव्हा हे एक नाव शोधून बाकीचे बाजूला काढणं सोपं पडतं. सेवा देणाऱ्या कंपन्यांना आणखी एक फायदा असतो. ग्राहकाला टीम दाखवताना ‘आमचे स्क्रम मास्टर प्रमाणित आहेत’ असं सांगता येतं, म्हणून प्रोजेक्टवर नाव लागायला मदत होते. मुलाखतीत मात्र त्याचा भाव लगेच उतरतो. तिथे विचारतात: स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीची कामाची फेरी, अर्ध्यावर आलीय आणि ग्राहकाने नवं काम पुढे केलंय, तुम्ही काय कराल? ‘नाही म्हणेन’ एवढ्यावर भागत नाही. स्प्रिंट गोलला धक्का लागतो का हे बघायचं, काम कमी-जास्त करण्याचं प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे कुठलं काम आधी हे ठरवणाऱ्याशी, बोलायचं, आणि स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा असतो हे ठाऊक असायला हवं. हे ज्याने टीममध्ये निस्तरलंय त्याचं उत्तर वेगळं येतं, आणि समोरच्याला ते कळतं.

हेही लक्षात घ्या की नुसत्या या पदावर विसंबणं धोक्याचं आहे. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाईलच्या भूमिकांमधली 1,100 हून अधिक पदं काढून टाकली आणि ती कामं इंजिनिअर व प्रॉडक्ट मॅनेजरांकडे सोपवली. टेस्टिंगचा हात सोडू नका म्हणते ते यासाठी.

आता संस्थेचं पॅकेज. सीएसएम आणि ए-सीएसएम ही स्क्रम अलायन्सची सर्टिफिकेटं. सीएसएमला प्रशिक्षकाचा वर्ग सक्तीचा, मग 50 प्रश्नांची परीक्षा, त्यातले 37 बरोबर आले की पास. अनुभवाची अट नाही. ए-सीएसएमला मात्र मागच्या पाच वर्षांत स्क्रम मास्टरच्या कामाचा किमान 12 महिन्यांचा अनुभव नोंदवावा लागतो. तुमची पाच वर्षं टेस्टर म्हणून गेलीत, ती यात धरता येत नाहीत. म्हणजे वर्ग करता येईल, पैसे भरता येतील, पण सर्टिफिकेट हातात पडणार नाही. संस्थेने हे सांगितलंय का? ‘माझ्या आजच्या अनुभवावर ए-सीएसएम मिळेल का’ असं त्यांना ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी मागा. फोनवरच्या ‘होऊन जातं’ वर विसंबू नका.

दुसरं, ही सर्टिफिकेटं दर दोन वर्षांनी नूतनीकरणाला येतात. सीएसएमचे 100 डॉलर आणि 20 शिक्षण-गुण, ए-सीएसएमचे 175 डॉलर आणि 30 गुण. डॉलर 90 रुपये धरला तर ए-सीएसएमसाठी दर दोन वर्षांनी पावणेसोळा हजार. पॅकेजच्या 78 हजारांत हे नसतं.

तुमच्या जागी मी स्क्रम.ऑर्गची पीएसएम-1 धरेन. फी 200 डॉलर (भरण्याआधी त्यांच्या साइटवर एकदा पाहून घ्या), वर्ग सक्तीचा नाही आणि नूतनीकरण तर नाहीच. 90 च्या दराने 18,000 रुपये होतात. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के म्हणजे 630, आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 113. सगळे मिळून 18,743. अभ्यासाला 2020 ची ‘स्क्रम गाइड’ पुरते. ती तेरा पानी आहे आणि फुकट मिळते.

पण परीक्षा हलक्यात घेऊ नका. 60 मिनिटांत 80 प्रश्न आणि पास व्हायला 85 टक्के, म्हणजे 68 बरोबर हवेत. एका प्रश्नाला 45 सेकंद मिळतात, पुस्तक उघडून शोधायला वेळच उरत नाही. नापास झालात तर पूर्ण फी पुन्हा भरावी लागते. जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरच्या रोजच्या सवयीवर गेलेले इथेच घसरतात. कामाचा आकार मोजायचा स्टोरी पॉइंट हा शब्द गाइडमध्ये नाहीच, आणि ‘टेस्टर’ असं वेगळं पदही नाही, सगळे डेव्हलपर्सच. स्क्रम.ऑर्गवर ‘स्क्रम ओपन’ नावाची 30 प्रश्नांची फुकट चाचणी आहे. ती वेळेच्या आत, वारंवार, एकही चूक न होता सुटायला लागली की मगच कार्ड काढा.

पैसे एफडी मोडून नव्हे, दोन महिन्यांच्या बचतीतून भरा. ती एफडी तुमची अडीअडचणीची पुंजी आहे. हप्त्याचा मोह नको. ‘नो कॉस्ट’ म्हणतात, पण प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा येतोच, आणि एकरकमी किंमत कमी करून मागितली तर त्यातला बराच खर्च आधीच फीमध्ये घातलेला असल्याचं कळतं. कराची सवलत मिळेल असंही धरू नका. पगारदाराला अशा कोर्सची फी पगारातून वजा करता येत नाही.

तुमच्या यादीतल्या सतरा नोकऱ्या पुणे-बंगळूरच्या आहेत हेही हिशेबात घ्या. समजा पुण्यात 60 हजार हातात आले. 14 हजार वाढले, पण भागीतली खोली दहा हजार, जेवण पाच-सहा हजार, महिन्यातून एकदा रात्रीच्या बसने घरी यायचं भाडं वेगळं. आज तुम्ही घरचं जेवून कंपनीच्या बसने वेर्ण्याला जाता. 60 हजारांवर पुण्याला जाल तर शिल्लक वाढायच्या ऐवजी घटेल. 70 हजारांच्या खाली विचार करू नका, किंवा गोव्यातल्या त्या तीन जाहिरातींची वाट पाहा.

अ‍ॅडव्हान्सची वेळ येईल, ती अनुभव जमल्यावर. आधी तुमच्याच मॅनेजरला विचारा की सध्याच्या स्क्रम मास्टरच्या सुटीत डेली स्क्रम ही रोजची बैठक आणि रेट्रोस्पेक्टिव्ह ही स्प्रिंटनंतरच्या आढाव्याची बैठक मी चालवू का. मग एखाद्या छोट्या टीमची पूर्ण जबाबदारी मागा. कधी काय केलंत त्याची तारखेसह नोंद ठेवा, अनुभव दाखवताना ती लागते. एक वर्ष भरलं की पीएसएम-2 बघा. तिथे 90 मिनिटांत 30 प्रश्न असतात, बहुतेक प्रसंगांवरचे, फी 250 डॉलर. कागदावर अनुभवाची अट नाही, पण अनुभवाशिवाय ते प्रश्न सुटणं कठीण. जाहिरातीत नाव घेऊन सीएसएमच मागितलं असेल, तेव्हा सीएसएमचा विचार करा.

फी भरण्याआधी एचआरला एक विचारा: पास झाल्यावर परतावा मिळतो का, आणि त्यासोबत बाँड किती महिन्यांचा? सहा महिन्यांचा असेल तर खुशाल घ्या. दोन वर्षांचा असेल तर 19 हजारांसाठी पाय बांधून घेऊ नका, स्वतःच भरा.