पूर्ण उतरलेला फोन चार्जरला लावूनही चालू होत नाही, काय करावं?

प्रश्न: माझा सॅमसंग गॅलेक्सी दीड महिना कपाटात बंद पडून होता. काल चार्जर लावला, दहा मिनिटं झाली तरी स्क्रीन काळीच. बोर्ड गेला का?

उत्तर:
दहा मिनिटांवरून बोर्डाचा निकाल लावू नका. बॅटरी साधारण 3.4 व्होल्टच्या आसपास आली की फोन स्वतःहून बंद होतो. त्यानंतर दीड महिना तसाच पडला तर ती आणखी खाली उतरते. 3 व्होल्टच्या खाली गेलेल्या लिथियम बॅटरीत एकदम जास्त करंट सोडणं धोक्याचं असतं, म्हणून फोनमधली चार्जिंग चिप आधी अगदी बारीक धार सोडते. तेवढ्यात स्क्रीन उजळत नाही, बॅटरीचं चित्रही येत नाही. फोन मेल्यासारखा दिसतो, पण आत काम चालू असतं.

भिंतीतल्या सॉकेटला चार्जर लावा. लॅपटॉपचा साधा यूएसबी पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतो. एक तास फोनला हात लावू नका. दर पाच मिनिटांनी बटण दाबून पाहिलंत तर जमलेली थोडीशी चार्ज फोन चालू होण्याच्या धडपडीतच संपते.

तासाभरानंतर चार्जर लावलेलाच ठेवून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून धरा. सात सेकंद पुरेशी असतात, पण वीसपर्यंत मोजा. फोन थरथरला किंवा नाव झळकलं की सोडा. (आयफोन 8 आणि नंतरच्यांत आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा.) मध्येच एखादा मेनू आला तर `Wipe data/factory reset` ला हात लावू नका, सगळे फोटो जातील. `Reboot system now` निवडा.

तरीही काळोख असेल तर दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी मीटर चार्जर आणि वायरच्या मध्ये लावा. अंदाज घेण्याचं माझ्या मते यापेक्षा चांगलं साधन नाही. 5 व्होल्ट आणि 0.00 अँपिअर दिसलं तर करंट फोनपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या फोनला चालणारी वायर लावून बघा. पोर्टमध्ये खिशातल्या कापसाचा बोळा दबून बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकने हलकेच उकरा. टाचणी नको, आतल्या पिना वाकतात.

0.10 च्या आसपास आकडा असेल तर ती बारीक धार आहे, थांबा. अर्ध्या-पाऊण तासात तो अचानक 1 च्या वर उडाला तर बॅटरी वाचली. तासभर तिथेच अडकला तर वायर काढून पुन्हा लावा, कारण काही चिपा ठरावीक वेळेनंतर प्रयत्न सोडून देतात. तीन तासांनीही 0.10 च राहिला तर बहुधा बॅटरी बदलावी लागेल. पण आकडा 1 च्या वर आणि स्क्रीन काळी, तर संशय डिस्प्लेवर. त्या फोनवर कॉल करून रिंग वाजते का ऐका.

मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर यातलं काहीच करू नका, चार्जर लगेच काढा आणि फोन दुरुस्तीवाल्याकडे द्या.