वर्षभर सण नाहीत म्हणजे नक्की काय काय नाही?

"ताई, सासरे आषाढात गेले. सासूबाई म्हणतात यंदा आपल्याकडे दिवाळी नाही, विषय संपला. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मुलगी सहा वर्षांची, रोज विचारते कंदील कधी लावायचा. थोडंसं काही केलं तर चालेल का, की लोक नावं ठेवतील?"

आधी गुरुजींच्या प्रांतातलं थोडक्यात सांगते. घरातलं माणूस गेलं की साधारण दहा दिवस सुतक, तेव्हा पूजाअर्चा बंद, मग तेरावा झाला की गोडाचं जेवण होतं आणि रोजचा देव्हारा पुन्हा सुरू होतो. पुढे वर्षश्राद्धापर्यंत जे पाळतात, म्हणजे फराळ तळायचा नाही, कंदील नाही, नवीन कपडे नाहीत, संक्रांतीचं हळदीकुंकू नाही, ते बरंचसं दुखवटा म्हणून चालत आलेली रीत आहे आणि ती घरोघरी, गावोगावी वेगळी. म्हणूनच एक आत्या सांगते दारात पणतीसुद्धा नको आणि दुसरी म्हणते देवापुढचं लक्ष्मीपूजन चुकवू नका, आणि दोघीही आपापल्या घरच्या रीतीने बरोबरच असतात. कुलाचाराचं काही अडलं तर तुमच्याच घरच्या गुरुजींना विचारा, ते माझं काम नाही.

माझ्याकडे ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), जवळपास तुमच्यासारखंच. गणपती त्या वर्षी चुलत दिरांकडे बसवला होता आणि त्यावरूनच घरात धुसफूस सुरू झालेली, दिवाळी तोंडावर आली तेव्हा सासू-सून एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. मी तिघांना वेगवेगळं बसवून एकच विचारलं, दिवाळीतला कुठला दिवस तुम्हाला अगदी नकोसा वाटतोय? मला वाटलं होतं लक्ष्मीपूजन म्हणतील. सासूबाई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या आणि म्हणाल्या, पाडवा. एक्केचाळीस वर्षं त्या दिवशी नवऱ्याला ओवाळलं होतं, आता शेजारच्या खोलीत सून मुलाला ओवाळणार आणि आपण स्वयंपाकघरात उभं राहायचं. हे तोंडाने कसं सांगणार? म्हणून "दिवाळीच नाही". मुलाचं वेगळंच निघालं, कंदील दरवर्षी वडील बांबूच्या कामट्यांचा घरी करायचे, त्यामुळे विकतचा आणून लावायला त्याचा हात धजेना आणि तो गप्प. सुनेला वाटत होतं हे दोघं मिळून मुलांची दिवाळी हिरावून घेतायत.

मग तिघं एकत्र बसले आणि एकेक गोष्ट घेऊन ठरवलं. कंदील यंदा नाहीच, पण दारात दोन पणत्या. अभ्यंगस्नान सगळ्यांचं, उटणं लावून, कारण त्यात कुणालाच काही खुपत नव्हतं. कढई चढवायची नाही, फराळाचे डबे नणंदेने आणि शेजाऱ्यांनी आणायचे (ही रीत मला फार शहाणी वाटते, त्या निमित्ताने माणसं घरात येऊन बसतात, तेव्हा नको नको म्हणून परत पाठवू नका). पाडव्याचं सुनेने सासूबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "तू ओवाळ गं, फक्त मला हाक मारू नकोस." तिने सकाळी लवकर, देवघरात, भेटवस्तू वगैरे काही न करता ओवाळलं, आणि दहा वाजता सासूबाईंचा भाऊ येऊन त्यांना भाऊबीजेपर्यंत माहेरी घेऊन गेला. त्यांच्या ताटात ओवाळणी पडली, भाऊबीज विधवेची बंद होत नाही हे काही घरांत उगाच विसरतात.

तुमच्या मुलीला "आपल्याकडे दिवाळी नाही" एवढंच सांगू नका, या वयाची मुलं ते शिक्षा म्हणून घेतात, त्या घरातला धाकटा आईला विचारत होता मी काय केलं म्हणून. तिला सांगा, आजोबा गेले म्हणून यंदा आपण थोडीच करतोय, पुढच्या दिवाळीला कंदील लावू. "पुढच्या दिवाळीला" हे शब्द महत्त्वाचे, त्याने तिला शेवट दिसतो. आजोबांचा फोटो पुसायचा, हार घालायचा असं एखादं कामही तिला द्या.

लोकांचं म्हणाल तर लोक केलं तरी बोलतात, नाही केलं तरी बोलतात, "घरच्यांनी मिळून ठरवलंय" एवढं सासूबाईंच्या तोंडून एकदा गेलं की बहुतेक जण गप्प होतात, तुम्ही बोललात तर होणार नाहीत.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू दे. सण आला की रडू येणं, जेवण कमी होणं हे होणारच. पण दिवाळी सरून कित्येक आठवडे गेले तरी सासूबाई किंवा मिस्टर झोपत नसतील, खाणंपिणं सुटलं असेल, किंवा "आता जगून काय करायचं" असं बोलत असतील तर तो दुखवटा म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि संक्रांत, गुढीपाडवा यांचं आत्ताच ठरवू नका, प्रत्येक सणाआधी आठवडाभर पुन्हा तिघांनी बसा, कारण दिवाळीत जे नको वाटलं ते पाडव्याला गुढी उभारताना हवंसं वाटू शकतं, किंवा उलटही.