होमवर्क पोराचा, अक्षर आईचं

"मॅडम, माझा मुलगा पहिलीत आहे. रोज रात्री दोन-दोन तास होमवर्क चालतो, तो रडतो, मी ओरडते, आणि शेवटी मीच त्याचा हात धरून पूर्ण करून टाकते. पहिलीला नेमका किती होमवर्क बरोबर? आणि मी मदत करायची तरी कशी?"

त्रिमूर्तीनगरच्या एका आईने हे विचारलं होतं. मुलाला आपण ओजस म्हणू, खरं नाव वेगळं आहे. मी म्हटलं ताई, वही घेऊन या. वही पाहिली तर एका पानावर पहिल्या दोन ओळी वाकड्यातिकड्या, रेघेच्या वर-खाली, आणि तिसऱ्या ओळीपासून एकदम सरळ, पेन्सिल इतकी दाबून लिहिलेली की मागच्या पानावर ठसे उमटलेले. ते दाबणं आईच्या हाताचं होतं. आणि खाली टीचरचा लाल पेनने 'व्हेरी गुड'.

मी त्यांना काही बंद करायला नाही सांगितलं, फक्त एक आठवडा घड्याळ बघून लिहा म्हटलं, कधी बसला, पहिल्यांदा कधी उठला, रडणं कधी सुरू झालं. आठवड्याने कागद आणला त्यात दिसलं की बसायचे रात्री साडेआठला, जेवण झाल्यावर, पोरगं पेंगत असताना, आणि दोन तासांत त्याने स्वतः लिहिलेलं जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचं. बाकी सगळं खोडरबर, पाणी, शूशू आणि भांडण.

आता किती बरोबर ते सांगते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की दुसरीपर्यंत होमवर्क देऊच नये, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. पण शाळा देतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, मग मी अमेरिकेत वापरतात तो साधा हिशोब धरते, इयत्तेमागे रोज दहा मिनिटं. म्हणजे पहिलीला दहा, वाचून दाखवणं धरून फारतर वीस. सहा वर्षांच्या मुलाच्या हाताची छोटी हाडं आणि स्नायू अजून घडतच असतात, त्यामुळे थोडं लिहिलं की बोटं खरंच दुखतात, तो नाटक नाही करत.

ओजससाठी आम्ही वेळ बदलली, संध्याकाळी खाली खेळून आला, पोहे खाल्ले की साडेसहाला. टायमर दहा मिनिटांचा. आईने बाजूला बसायचं पण हातात भाजी निवडायला घ्यायची, पेन्सिल नाही आणि खोडरबर तर अजिबात नाही. सुरुवातीला एकच प्रश्न, "आज काय करायचंय, मला समजावून सांग बरं." अडला तर पाटीवर एक वेगळं उदाहरण करून दाखवायचं, वहीतलं नाही. त्याने 'धन' ऐवजी 'घन' लिहिलं तर तसंच राहू द्यायचं, ध-घ आणि भ-म या वयात गडबडतातच. टायमर वाजला की जिथे असेल तिथे थांबायचं आणि समासात आईने लिहायचं, 'दहा मिनिटांत इथपर्यंत, स्वतः केलं', खाली सही.

हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. सासूबाई म्हणाल्या, "अर्धीच वही पाठवतेस, पोरगं मागं राहीन ना गं!" मलाही कळतं ते, वर्गात सगळ्यांची वही पूर्ण आणि आपल्याच पोराची अर्धी, आईच्या पोटात गोळा येतोच.

पण चौथ्या दिवशी टीचरने आईला बोलावलं. त्या म्हणाल्या मला वाटायचं ओजसला सगळं येतं, म्हणून मी वर्गात त्याच्याजवळ जातच नव्हते, त्याला दोन ओळी जास्त द्यायचे! पूर्ण, नीट वही पाहून त्यांना दुसरं काय कळणार होतं? मग त्यांनी पाच ओळींच्या दोन केल्या आणि ध-घ त्याला वर्गातच करून दाखवला, हवेत बोटाने, मग मोठा पाटीवर.

एक मात्र लक्षात ठेवा. दहा मिनिटं, ताजातवाना, कोणी ओरडत नाही, आणि तरी महिना-दोन महिने झाले तरी ओळखीचं अक्षर सापडत नाही, फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करतो, किंवा पेन्सिल धरली की दोन मिनिटांत हात झटकतो, तर आधी डोळे तपासा आणि मग टीचरशी आणि डॉक्टरांशी बोला. तिथे होमवर्क कमी-जास्त करून भागत नाही.

दिवाळीनंतर ओजसची आई परत आली होती. वहीत तीन ओळी होत्या, तिन्ही वाकड्या, तिन्ही त्याच्या. एका 'ध'भोवती त्याने स्वतः पेन्सिलने गोल केला होता, मी विचारलं हा गोल कशाला रे, तर म्हणे, "हा सगळ्यात मस्त जमला मला."