चिठ्ठीत ‘मी’ कुठे आहे?

“शेजारच्या दाराशी गेलं सव्वा वर्ष माझी चिठ्ठ्यांची देवाणघेवाण चालू आहे. भेट मात्र एकदाही नाही. चिठ्ठी दिसली की दिवस बरा जातो, भेटायचा विचार आला की पोटात गोळा येतो. हे नातं खरं आहे, की मी माणसांपासून पळते आहे?”

याच प्रश्नाची वेगवेगळी रूपं माझ्याकडे सतत येतात. कधी दाराच्या जागी फोनचा पडदा असतो, एवढाच फरक. पूर्वी मी चटकन सांगत असे, ‘एकदा दार वाजवून बघा.’ सल्ला चुकीचा नव्हता, घाईचा होता. ते मला एका बाईंमुळे कळलं. ओळख लपेल इतपत तपशील बदलून त्यांची गोष्ट सांगते.

बाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, काम घरूनच. शेजारचं माणूस रात्रपाळीचं. दारावरच्या पाटीवर नुसतं आडनाव. एका सकाळी शेजारच्या कुलपात किल्ली बाहेरून तशीच लटकत राहिलेली दिसली. बाईंनी घंटी वाजवली नाही. किल्ली काढून दाराखालून आत सरकवली आणि सोबत कागद ठेवला: “किल्ली बाहेर राहिली होती. आत टाकली आहे.” संध्याकाळी त्यांच्या कडीत घडी घातलेला कागद होता: “मिळाली. मोठं संकट टळलं.” तिथून सुरुवात झाली.

“मग भेटायला काय अडतं?” मी पहिल्याच बैठकीत विचारलं.

“काही नाही. वेळा जुळत नाहीत.”

“कधीच?”

त्या जरा थांबल्या. “शेजारची कडी वाजली की मी आतच थांबते. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला की मग बाहेर पडते.”

न भेटणं वेगळं आणि भेट होऊ नये याची रोज व्यवस्था करणं वेगळं. हा फरक बाहेरून दिसत नाही, तो ज्याचा त्यालाच तपासावा लागतो. बाईंनी तो स्वतःच सांगून टाकला होता. तरीही मी दार वाजवायला सांगितलं नाही. मला आधी चिठ्ठ्या बघायच्या होत्या.

चौथ्या बैठकीला त्या एक खोका घेऊन आल्या. आलेल्या चिठ्ठ्या तर होत्याच, शिवाय स्वतःच्या चिठ्ठ्यांचे कच्चे खर्डेही होते. दोन ओळींच्या एका चिठ्ठीसाठी सहा-सात कागद. पाठवलेल्या चिठ्ठ्या अशा असत: “झाडाला पाणी घातलं आहे.” “जिन्यातला दिवा गेला होता, कळवलं आहे.” “रात्री फार पाऊस झाला.” वाचता वाचता मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळायला वेळ लागला. मग विचारलं, “शेजारी बाई आहेत की पुरुष?”

त्या हसल्या. “खरंच माहीत नाही. तिकडूनही असंच येतं, ‘ठेवलं आहे’, ‘मिळालं’.”

“आणि तुम्ही बाई आहात हे तिकडे माहीत आहे?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

आपल्या भाषेत ही एक सोय आहे. ‘घातलं’, ‘ठेवलं’, ‘कळवलं’ असं लिहिलं की करणारा पुसला जातो. ‘आले’, ‘थकले’, ‘घाबरले’ म्हटलं की लगेच माणूस उभं राहतं. इतक्या चिठ्ठ्यांत बाईंनी एकदाही स्वतःला उभं केलं नव्हतं. फेकायच्या खर्ड्यांत मात्र त्या होत्या. एका खर्ड्यात लिहिलं होतं, “काल दिवे गेले तेव्हा मी फार घाबरले.” त्याचीच पाठवलेली प्रत होती, “काल दिवे गेले होते. तक्रार नोंदवली आहे.”

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीची एक मांडणी केली. माझं बरंचसं काम तिच्यावर उभं आहे आणि ते मी लपवत नाही. माणूस फजिती टाळायला बारीकसारीक बचाव करतो, वाक्य मनात दहादा घोकतो, स्वतःबद्दल बोलणं टाळतो. फजिती झाली नाही की श्रेय त्या बचावाला जातं. ‘बचाव नसता तरी काही बिघडलं नसतं’ हे कळायची संधीच मिळत नाही. बाईंच्या बाबतीत बचाव चिठ्ठी हा नव्हता, चिठ्ठीतून स्वतःला खोडणं हा होता. दार वाजवायला लावलं असतं तर त्या दारातही ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढंच बोलून परतल्या असत्या. हे मला वेळेवर सुचलं याचं आजही बरं वाटतं.

मग आम्ही एक छोटी गोष्ट ठरवली. पुढच्या चिठ्ठीत एकच वाक्य असं लिहायचं, ज्यात लिहिणारी दिसेल. खर्डा एकच. आणि चिठ्ठी ठेवण्याआधी वेगळ्या कागदावर लिहायचं की काय होईल असं वाटतं, आणि शंभरात किती खात्री आहे. त्यांनी लिहिलं: “उत्तर येणार नाही. चिठ्ठ्या बंद होतील. ८०.” हा कागद महत्त्वाचा. आधी लिहून ठेवलं नाही तर नंतर मन म्हणतं, ‘मला कुठे असं वाटलं होतं?’

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन: “अजून एक चिठ्ठी ठेवू का? ‘आधीचं मनावर घेऊ नये’ अशी?” असे प्रयोग फसतात ते बहुतेक इथेच. ती चिठ्ठी गेली असती तर पुढे आलेल्या उत्तराचं श्रेय पुन्हा माफीलाच मिळालं असतं. मी म्हटलं, “थांबा. काहीच करायचं नाही, हेच आजचं काम.”

संध्याकाळी कडीत कागद होता: “दोन दिवस बाहेरगावी गेले होते. मीही अंधाराला घाबरते. रात्रपाळी त्यासाठीच घेतली, तिथे दिवे चालू असतात.”

बाईंनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि एकाच शब्दावर बोट ठेवलं: ‘घाबरते’.

पुढचं काम कडीचं होतं. शेजारची कडी वाजली तरी आपल्या वेळेला बाहेर पडायचं, लिफ्टची वाट बघायची नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा जमलं, नंतर रोज. योगायोगाने दोन्ही दारं एकदम कधी उघडली नाहीत. भेटायचा आग्रह मी धरला नाही. एका सहकाऱ्याला ते अर्धवट वाटलं. पण बाई एकदा म्हणाल्या होत्या, “दुपारी ती भिंतीपलीकडे झोपलेली असते, मी इकडे काम करत असते. तेव्हा एकटी असूनही एकटं वाटत नाही.” डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५८ मध्ये म्हटलं होतं की एकटं राहता येणं आपण कुणाच्या तरी सोबतीत शिकतो. आई जवळ असताना मूल आपल्याच नादात खेळतं, तसं. असं एकटेपण कुणाकडून काढून घ्यायची मला गरज वाटली नाही.

आता तुमच्याबद्दल. आधी कडीचं बघा: शेजारची चाहूल लागली की तुम्ही थबकता का? मग शेवटच्या दहा चिठ्ठ्या आठवा आणि तुम्ही दिसता अशी वाक्यं किती, ते मोजा. एखाद-दुसरंच निघालं तर भेटीची काळजी आत्ता बाजूला ठेवा, एका वाक्यापासून सुरुवात करा. ते वाक्य सगळ्यात खोल दुखण्याचं नको, थोडं धाडस लागेल इतपतच. उत्तर कोरडं आलं, तर तेही चालेल. समोरच्यावर उघडं होण्याचं कर्ज नाही, आणि दुसऱ्यांदाही कोरडंच आलं तर तिथे थांबावं. मात्र हा गोळा फोन घेताना, कामावर, जिन्यात, सगळीकडेच येत असेल तर चिठ्ठ्यांवर उपाय शोधत बसू नका, प्रत्यक्ष कुणा तज्ज्ञाला भेटा.

त्या बाई शेवटच्या बैठकीला आल्या तेव्हा खोका आणला नव्हता. पर्समध्ये एकच कागद होता, जाताना शेजारच्या कडीत लावायचा. त्यात दोन शब्द खोडलेले होते, खाडाखोड तशीच ठेवली होती.