मनगटं घासल्यानं सेंटचा वास मरतो का?

*लग्नाला निघताना सेंट मारतो, पण मंडपात पोहोचेपर्यंत वास गायब. मनगटं घासतो म्हणून का? मारायचा कुठं आणि किती लांबून?*

घासल्यानं सुगंधाचे रेणू तुटतात असं सांगतात, ते खरं नाही. हातानं चोळून रेणू तुटत नसतात. होतं एवढंच की कातडी गरम होते, सेंट जास्त जागेवर पसरतो आणि सुरुवातीचा लिंबू-संत्र्यासारखा हलका वास लवकर उडतो. मागून येणारा चंदनासारखा जड वास त्यानं फारसा बदलत नाही. घरी करून पाहा. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला एकेक फवारा मारा, एक तसाच वाळू द्या, दुसरा बोटानं चोळा. पहिल्या दहा मिनिटांत फरक कळेल, दोन तासांनी बहुतेक कळणार नाही. म्हणून घासू नका, पण तुमचा वास जातो तो मुख्यतः आपल्या उन्हानं.

माझं तालुक्याच्या गावी जनरल स्टोअर्स आहे. मे महिन्यात गिऱ्हाईक हेच म्हणतं, "भाऊ, सेंट टिकूनच नाही राहिला." माझ्या भाच्याचंही तेच. आंघोळ करून घामातच कूलरपुढं उभा राहायचा आणि बाटली गळ्याला टेकवून चार-पाच फवारे मारायचा. अर्धा सेंट कूलरच्या वाऱ्यानं जायचा, उरलेला ओघळून कॉलरला लागायचा. वर दुचाकीवर तासभर ऊन.

मनगट, मान, कानामागची जागा जिथं नाडी लागते, तिथं ऊब असते, म्हणून सेंट तिथं लावतात. ऊब वास उठवते. पण पारा ४४-४५ वर असला की अख्खं अंगच तापलेलं असतं आणि उघड्या मानेवरचा सेंट भराभर उडतो. शिवाय काही सेंटांतल्या लिंबूवर्गीय तेलांमुळं उन्हात कातडीवर काळे डाग पडतात. म्हणून उन्हाळ्यात मी झाकलेली जागा सांगतो: छाती आणि कोपराची आतली बाजू.

भाच्याला मग असं करायला लावलं. अंग पुसून, घाम वाळल्यावर, कूलर बंद करून, त्या जागी बिनवासाच्या व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. रखरखीत कातडीवर वास कमी टिकतो. मग एक वीत अंतरावरून, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवरून, छातीवर दोन आणि कोपरांत एकेक फवारा. कातडीवर बारीक ओल दिसली पाहिजे, थेंब ओघळला तर बाटली जवळ धरली असं समजा. अर्धा मिनिट वाळू द्यायचं, मग सदरा घालायचा. सुती सदऱ्याला आतून एक फवारा मारला तर वास आणखी टिकतो. रेशमी कुर्त्यावर मात्र नको, डाग राहतो. आणि चूल किंवा दिवा जवळ असताना मारूच नका, सेंटमधलं अल्कोहोल पेट घेतं.

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत बसेपर्यंत भाचा म्हणाला, "मामा, गेला वास." शेजारी बसलेल्यांना मात्र येत होता. आपलं नाक स्वतःच्या वासाला थोड्याच वेळात सरावतं, तेव्हा परत फवारण्याआधी शेजारच्याला विचारा.